तपासलेल्या कॉपीवरून टक्केवारी आणि ग्रेड पॉइंट काढताना: अर्ध्या गुणाचा हिशोब

दिवाळीनंतर अर्धवार्षिकच्या कॉप्या मुलांच्या हातात येतात आणि इंदूरला रामबागेतल्या माझ्या शिकवणीच्या खोलीत गणित बाजूला पडून ग्रेडचीच चर्चा सुरू होते. (इथे उत्तरपत्रिकेला सगळे कॉपीच म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांना हा शब्द ऐकून दचकायला होतं, त्याला इलाज नाही.) कॉपी घरी एकच रात्र असते. दुसऱ्या दिवशी पालकांच्या सहीसकट परत द्यावी लागते. त्या एका रात्रीत घरोघरी टक्के काढले जातात, आणि त्यातले बरेच चुकतात.

यंदाचंच उदाहरण घेते. नववीतल्या एका मुलीचे विज्ञानाचे तीन पेपर होते: भौतिक ३५ गुणांचा, रसायन ३५ चा आणि जीवशास्त्र ४० चा. त्याच तीन कॉप्यांवरून तिच्या बाबांनी ८० टक्के काढले, दादाने ८१ आणि आईनेही ८१. पण दादा आणि आई ज्या रस्त्याने ८१ ला पोचले ते रस्ते वेगवेगळे होते, आणि दोन्ही चुकीचे होते. ८० म्हणजे बी-१ आणि ८१ म्हणजे ए-२, त्यामुळे वाद रंगला. खाली तोच हिशोब क्रमाने मांडला आहे. तुमचे आकडे वेगळे असतील, क्रम हाच ठेवा.

## तयारी: आधी तक्ता, मग कॅल्क्युलेटर

शाळेच्या डायरीत किंवा प्रगतिपुस्तकाच्या मागच्या पानावर रूपांतराचा तक्ता छापलेला असतो. तो फोटोवरून वाचू नका, वहीत हाताने उतरवून घ्या. हाताने लिहिताना तळाच्या बारीक अक्षरातल्या सूचना नजरेतून सुटत नाहीत, आणि सगळा निकाल त्या सूचनांवरच ठरतो. या मुलीच्या शाळेचा तक्ता असा होता:

| टक्केवारी | ग्रेड | ग्रेड पॉइंट |
|---|---|---|
| ९१–१०० | ए-१ | १० |
| ८१–९० | ए-२ | ९ |
| ७१–८० | बी-१ | ८ |
| ६१–७० | बी-२ | ७ |
| ५१–६० | सी-१ | ६ |
| ४१–५० | सी-२ | ५ |
| ३३–४० | डी | ४ |
| २१–३२ | ई-१ | — |
| ०–२० | ई-२ | — |

तळाशी तीन सूचना होत्या. पहिली: विषयाची टक्केवारी जवळच्या पूर्ण संख्येत घ्यावी, अपूर्णांक अर्धा किंवा त्याहून जास्त असल्यास पुढची संख्या घ्यावी. दुसरी: विज्ञानाच्या तीन पेपरांच्या गुणांची बेरीज करून एकच ग्रेड द्यावी. तिसरी: सरासरी ग्रेड पॉइंट पाच मुख्य विषयांचा, दोन दशांश स्थळांपर्यंत काढावा.

आता तक्त्याकडे नीट बघा. ८० वर एक पट्टा संपतो आणि ८१ वर दुसरा सुरू होतो. मधल्या ८०.४५ चं काय करायचं? तक्ता त्याबद्दल गप्प आहे, उत्तर पहिल्या सूचनेत आहे. ती सूचना नसती तर हा तक्ता अपुरा ठरला असता, आणि घरी कितीही डोकं लढवलं तरी उत्तर निघालं नसतं.

इशारा: शेजारच्या मुलाच्या शाळेचा तक्ता वापरू नका. काही तक्त्यांत पट्टा '८० पेक्षा जास्त ते ९०' असा लिहिलेला असतो. तिथे ८०.०१ सुद्धा वरच्या पट्ट्यात जातो. दोन्ही तक्ते वरवर सारखेच दिसतात, ग्रेडची नावंही तीच असतात.

तपासणी: कॅल्क्युलेटर हातात घेण्याआधी चार प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा. पेपर एकूण किती गुणांचा? ग्रेड प्रत्येक पेपरला आहे की विषयाच्या बेरजेला? अपूर्णांकाचं काय करायचं? सरासरीत कोणते विषय धरायचे? एखाद्याचं उत्तर तक्त्यात सापडत नसेल तर ते वर्गशिक्षकांना विचारायचं आहे, अंदाजाने भरायचं नाही.

## १. कॉपीवरची बेरीज स्वतः करा

ही पायरी जवळजवळ सगळे वगळतात. मुखपृष्ठावर लाल शाईत गोल करून लिहिलेला आकडा उचलतात आणि सरळ भागाकार सुरू करतात.

बेरीज दोनदा करायची असते. पहिल्यांदा आतली: पान उलटत जा आणि प्रत्येक प्रश्नाशेजारी समासात दिलेले गुण एका कागदावर उतरवा. एखाद्या उत्तराला बरोबरची खूण आहे पण गुण नाहीत, किंवा एखादं पानच तपासायचं राहिलं आहे, हे इथेच कळतं. पुरवणी जोडली असेल तर तीही उलटा. शेवटचा प्रश्न पुरवणीत गेला आणि मुखपृष्ठावर आलाच नाही, असं होतं. दुसरी बेरीज मुखपृष्ठाची: तिथल्या चौकटींतले आकडे आतल्या आकड्यांशी जुळतात का ते बघा आणि मग त्या चौकटी बेरजेने पुन्हा तपासा.

या मुलीच्या जीवशास्त्राच्या कॉपीवर तीन चौकटी होत्या: ८, ९½ आणि १४. खाली एकूण लिहिलं होतं ३२½. तुम्हीही करून बघा, ३१½ येतात. माझ्याकडे आली तेव्हा ती विज्ञानात ए-२ मिळाली म्हणून खूश होती, कारण ३२½ धरले की तिन्ही पेपरांचे ८९½ होतात, ११० पैकी म्हणजे ८१.३६ टक्के, आणि त्यात वादाला जागाच नाही. बेरीज दुरुस्त केली आणि ती बरोबर काठावर येऊन उभी राहिली.

"काकू, सांगायलाच हवं का?" तिने विचारलं. मी म्हटलं, कॉपी तुझी आहे, तू ठरव. पण मला हिशोब ३१½ चाच करता येईल. तिने दुसऱ्या दिवशी बाईंना दाखवलं, बाईंनी आकडा खोडून शेजारी सही केली. चूक विद्यार्थ्याच्या विरुद्ध असेल तरी रीत तीच आहे: आकडा स्वतः खोडायचा नाही, पेन्सिलीने छोटी खूण करून तपासणाऱ्या शिक्षकांकडे न्यायची. कॉपीवर शाईने काही लिहिलंत तर पुढे कोणाचं अक्षर कोणाचं, हा नवा घोळ होतो.

इशारा: ½ हा अर्धा घाईत लिहिला की ३१½ चे ३११/२ वाटतात किंवा शेवटचा अर्धा दिसतच नाही. स्वतःच्या वहीत लगेच ३१.५ असं लिहून टाका.

तपासणी: आतली बेरीज, मुखपृष्ठावरच्या चौकटींची बेरीज आणि लिहिलेला एकूण आकडा, हे तिन्ही सारखे आले की पुढे चला.

## २. भागाकाराचा खालचा आकडा नक्की करा

आमच्याकडे गुणपत्रिकेवर हिंदीतून दोन रकाने असतात: पूर्णांक आणि प्राप्तांक. पूर्णांक म्हणजे पेपर एकूण किती गुणांचा, आणि प्राप्तांक म्हणजे मिळाले किती. मराठीत गणित शिकलेल्या आईबाबांना पूर्णांक म्हटलं की उणे दोन, शून्य, तीन वगैरे आठवतात. एका काकांनी 'पूर्णांक' रकान्यातले ८० हे मुलाचे गुण समजून पेढे आणले होते. ते पेढे आम्ही खाल्ले.

टक्के काढताना प्राप्तांक वर आणि पूर्णांक खाली. एवढं सगळ्यांना येतं. गडबड होते ती खालचा आकडा १०० धरला की. ८० च्या पेपरात ६५ मिळाले की मूल सांगतं, "मला पासष्ट आहेत," आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात पासष्ट टक्के बसतात. प्रत्यक्षात ते ८१.२५ आहेत.

दुसरी गडबड पर्यायी प्रश्नांची. 'पाचपैकी कोणतेही चार सोडवा' असेल तर पूर्णांक चार प्रश्नांचाच असतो. मुलाने पाचही सोडवले आणि शिक्षकांनी पाचांनाही गुण दिले, तर त्यातल्या कोणत्या चारांचे धरायचे हे शाळेचा नियम सांगेल. तो कळेपर्यंत पाचांची बेरीज करू नका, नाहीतर शंभराच्या वर टक्के काढलेले मूल माझ्यापुढे बसतं.

या उदाहरणात खालचा आकडा ३५ + ३५ + ४० = ११०.

## ३. विषयाचे टक्के: बेरीज आधी, भागाकार नंतर

आता त्या घरातला वाद. दुरुस्तीनंतरचे आकडे असे:

| पेपर | पूर्णांक | प्राप्तांक |
|---|---|---|
| भौतिक | ३५ | २९.५ |
| रसायन | ३५ | २७.५ |
| जीवशास्त्र | ४० | ३१.५ |
| एकूण | ११० | ८८.५ |

बाबांनी दुसऱ्या सूचनेप्रमाणे केलं. ८८.५ भागिले ११०, गुणिले १००. उत्तर ८०.४५४५… जवळची पूर्ण संख्या ८०. बी-१, आठ पॉइंट.

आईने प्रत्येक पेपरचे टक्के वेगळे काढले: भौतिकचे ८४.२९, रसायनचे ७८.५७, जीवशास्त्राचे ७८.७५. मग तिघांची सरासरी घेतली. ती येते ८०.५४, म्हणजे ८१. आईचा भागाकार कुठेही चुकलेला नाही. चुकलं ते असं की तिच्या रीतीत तिन्ही पेपरांचं वजन सारखं झालं. भौतिक ३५ गुणांचा आणि जीवशास्त्र ४० चा असूनही दोघांना एकतृतीयांश वाटा मिळाला. मुलीचे भौतिकचे टक्के चांगले होते आणि त्या छोट्या पेपराला हक्कापेक्षा जास्त वजन मिळालं, म्हणून सरासरी किंचित फुगली. सगळे पेपर सारख्या गुणांचे असते तर दोन्ही रीतींनी एकच उत्तर आलं असतं. म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते आणि एखाद्या वर्षी अचानक ग्रेड बदलते.

काही शाळा मुद्दाम प्रत्येक पेपराला सारखं वजन देतात. तसं लिहिलेलं असेल तर आईची रीत बरोबर ठरेल. इथे तसं लिहिलेलं नव्हतं.

तपासणी: विषयाचे टक्के नेहमी सगळ्यांत कमी आणि सगळ्यांत जास्त टक्क्यांच्या पेपरांच्या मधे पडतात. ८४ आणि ७८ च्या मधे ८०, म्हणजे ठीक. बाहेर पडले तर बेरजेत काहीतरी सुटलं आहे.

## ४. पूर्ण संख्या एकदाच करा

दादाने बाबांसारखंच ८८.५ ला ११० ने भागलं होतं. कॅल्क्युलेटरवर ८०.४५४५ आलं. वहीत उतरवताना त्याने ते एका दशांश स्थळापर्यंत आणलं: ८०.५. मग तक्त्याची पहिली सूचना वाचली, 'अर्धा किंवा जास्त असल्यास पुढची संख्या', आणि ८०.५ चे ८१ केले.

दोन्ही वेळा त्याने नियम पाळला होता, पण पूर्ण संख्येकडे जाताना मधे थांबला. ८०.४५४५ हे ८०.५ पेक्षा कमी आहे, आणि प्रश्न एवढाच आहे: मूळ आकडा अर्ध्याच्या अलीकडे आहे की पलीकडे? एकदा ८०.५ लिहिलं की तो कोणत्या बाजूने आला होता ही माहितीच पुसली जाते. म्हणून वहीत निदान चार दशांश स्थळं लिहा आणि तिथून एका उडीत पूर्ण संख्येवर या.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे टक्के काढण्याआधीच गुण पूर्ण करणं. "साडेअठ्ठ्याऐंशी म्हणजे एकोणनव्वदच की." ८९ भागिले ११० म्हणजे ८०.९, आणि पुन्हा ए-२. काही शाळा विषयाच्या एकूण बेरजेतला अर्धा गुण वर नेतातही, पण तसं तक्त्यावर लिहिलेलं असतं. नसेल तर अर्धा हा अर्धाच राहू द्या.

काठावरच्या आकड्यासाठी मी मुलांना उलटा हिशोब करायला लावते. यात दशांशांचा खेळ राहत नाही. विचारायचं एवढंच: वरच्या ग्रेडसाठी किमान किती गुण लागतात? ८१ होण्यासाठी टक्के किमान ८०.५ हवेत. ११० चे ८०.५ टक्के म्हणजे ८८.५५ गुण. तिला मिळाले ८८.५. पाच शतांश गुण कमी पडले. पेपरात अर्ध्याच्या पटीतच गुण देतात, म्हणजे खरं तर ८९ लागले असते. हे ऐकल्यावर दादाने वही मिटली.

हाच उलटा हिशोब तक्त्याचं वाचन बदललं की काय होतं तेही दाखवतो. 'पूर्ण ८१ टक्के हवेत, अपूर्णांक सोडून द्यावा' असं लिहिलं असतं तर ८९.१ गुण, म्हणजे प्रत्यक्षात ८९.५ लागले असते. '८० पेक्षा जास्त' असं लिहिलं असतं तर ८८ ची वेस ओलांडली की झालं, आणि ८८.५ ला ए-२ मिळाली असती. कॉपी तीच, गुण तेच. म्हणून तयारीत तळाच्या सूचनांचा एवढा हट्ट धरला.

संगणकावर तक्ता भरत असाल तर एक खोच लक्षात ठेवा. चौकटीत दशांश लपवले की आकडा पूर्ण दिसतो, पण आत तो पूर्ण झालेला नसतो. ८० पैकी ६४.५ म्हणजे ८०.६२५. दशांश लपवल्यावर चौकटीत ८१ दिसतील, पण ग्रेड शोधणारं सूत्र आतले ८०.६२५ बघून खालचा पट्टा, म्हणजे बी-१ काढील. आधी खरोखर पूर्ण करून घ्या:

```
=ROUND(64.5/80*100, 0)
```

इशारा: मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर टक्क्यांचं बटण वापरू नका. सगळ्या कॅल्क्युलेटरांत ते सारखं वागत नाही. भागाकार करा, मग शंभराने गुणा.

## ५. आता तक्त्यात बघा

ही पायरी छोटी आहे. पूर्ण संख्या घ्या, ती कोणत्या ओळीत बसते ते बोट ठेवून बघा, आणि त्याच ओळीतली ग्रेड आणि पॉइंट दोन्ही लिहा. फक्त ग्रेड लिहून पॉइंट आठवणीने लिहू नका. ए-२ ला ९ असतात आणि बी-१ ला ८, पण मुलांच्या डोक्यात 'बी म्हणजे दुसरा, म्हणून ९' असं काहीतरी असतं.

ई-१ आणि ई-२ समोर रेघ आहे. ती शून्य समजून सरासरीत घालू नका, आणि तो विषय गाळून उरलेल्या चारांची सरासरीही काढू नका. अशा वेळी सरासरी थांबवून ठेवायची आणि त्या विषयाच्या फेरपरीक्षेबद्दल शाळेला विचारायचं.

इशारा: सीबीएसईच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर अशाच नावांच्या ग्रेड असतात, पण त्या या तक्त्याने ठरत नाहीत. तिथे त्या विषयात उत्तीर्ण झालेल्यांना क्रमाने लावून वरच्या एकअष्टमांश मुलांना ए-१, पुढच्या एकअष्टमांशांना ए-२, अशी वाटणी होते. त्यामुळे बोर्डाच्या गुणपत्रिकेवरची ग्रेड या तक्त्याशी जुळली नाही तर ती चूक नव्हे.

## ६. पाच विषयांची सरासरी

मुलीच्या पाचही विषयांचा कागद शेवटी असा झाला:

| विषय | पूर्णांक | प्राप्तांक | टक्के | पूर्ण केल्यावर | ग्रेड | पॉइंट |
|---|---|---|---|---|---|---|
| हिंदी | ८० | ६५ | ८१.२५ | ८१ | ए-२ | ९ |
| इंग्रजी | ८० | ५७ | ७१.२५ | ७१ | बी-१ | ८ |
| गणित | ८० | ४९ | ६१.२५ | ६१ | बी-२ | ७ |
| विज्ञान | ११० | ८८.५ | ८०.४५४५ | ८० | बी-१ | ८ |
| सामाजिक विज्ञान | ८० | ६६ | ८२.५ | ८३ | ए-२ | ९ |

पॉइंटांची बेरीज ४१. भागिले ५. सरासरी ८.२०.

इथे पूर्णांकाचं वजन मधे आणायचं नाही. विज्ञान ११० चं आणि गणित ८० चं असलं तरी ग्रेड पॉइंटांच्या सरासरीत दोघांना एकेकच जागा आहे, कारण तिसऱ्या सूचनेत पाच विषयांची सरासरी म्हटलं आहे. तिसऱ्या पायरीत मी वजनाबद्दल एवढं बोलले आणि इथे उलटं सांगते आहे, हे मला ठाऊक आहे. तिथे एका विषयाचे तुकडे जोडत होतो, इथे पाच स्वतंत्र विषय आहेत.

कॉलेजच्या मुलांसाठी मात्र वेगळी गोष्ट. त्यांच्या तक्त्यात श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, असा रकाना असतो. तो असला की प्रत्येक विषयाचा पॉइंट त्याच्या क्रेडिटने गुणायचा, गुणाकारांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. चार क्रेडिटच्या विषयात ७ आणि दोन क्रेडिटच्या विषयात १० मिळाले तर २८ आणि २० मिळून ४८, भागिले ६, म्हणजे ८. साधी सरासरी ८.५ आली असती. शिवाय अक्षरांचा अर्थही तिथे बदलतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा पॉइंटांच्या श्रेणीत ओ ला १०, ए-प्लसला ९ आणि ए ला ८ आहेत. शाळेच्या ए-२ चे ९ तिकडे नेऊ नका.

तपासणी: सरासरी सगळ्यांत कमी आणि सगळ्यांत जास्त पॉइंटच्या मधे असली पाहिजे. ७ आणि ९ च्या मधे ८.२०. ठीक.

## ७. पॉइंटवरून परत टक्क्यांकडे जाऊ नका

यानंतर हमखास कोणीतरी म्हणतं, "मग ८.२ ला साडेनऊने गुणलं की टक्के." ही सवय सीबीएसईच्या दहावीत सीजीपीए होता त्या वर्षांतली आहे. तेव्हा बोर्डाने सीजीपीएला ९.५ ने गुणून येणारे टक्के ढोबळ अंदाज म्हणून वापरायला सांगितले होते. नियम तेवढाच होता आणि तेवढ्यासाठीच होता.

आपल्याच उदाहरणात लावून बघा. ८.२ गुणिले ९.५ म्हणजे ७७.९. आता खऱ्या गुणांवरून काढा: पाच विषयांचे एकूण ३२५.५, पूर्णांक ४३०, टक्के ७५.७. दोन टक्क्यांहून जास्त फरक पडला. कारण तक्त्याची एकेक ओळ दहा टक्क्यांची आहे. गणितातले ६१ आणि कोणा दुसऱ्याचे ७० दोघांनाही ७ पॉइंट मिळतात. या मुलीचे बरेच विषय आपापल्या पट्ट्याच्या तळाशी आहेत, म्हणून ९.५ चा गुणाकार तिला हातात नसलेले टक्के देतो. पट्ट्याच्या वरच्या टोकाला असलेल्या मुलाचे तो कापून घेईल.

एखाद्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर टक्के मागितले असतील तर कॉपीवरच्या किंवा गुणपत्रिकेवरच्या गुणांवरून काढून भरा. फक्त ग्रेड पॉइंट हातात असेल आणि शाळेने किंवा विद्यापीठाने रूपांतराचं सूत्र छापून दिलं असेल, तर तेच सूत्र वापरा आणि ते कुठून घेतलं हे फॉर्मवर लिहा.

## कॉपी परत देण्याआधी

सही करण्याआधी कॉपीच्या मुखपृष्ठाचा आणि समासात गुण असलेल्या पानांचा फोटो काढून ठेवा. वार्षिकच्या निकालात अर्धवार्षिकचे गुण धरले जातात अशा शाळांत मार्चमध्ये हा फोटो लागतो.

शंका विचारायची असेल तर 'ग्रेड कमी का दिली' असं विचारू नका. पायरीचं नाव घ्या. त्या मुलीच्या बाबांनी डायरीत लिहिलं ते असं: 'विज्ञान, जीवशास्त्राची दुरुस्ती धरून एकूण ८८.५/११०, ८०.४५ टक्के, सूचना १ प्रमाणे ८०, बी-१. आमचा हिशोब बरोबर आहे का, कृपया कळवावे.' दुसऱ्या दिवशी बाईंनी खाली 'बरोबर' एवढंच लिहून पाठवलं.

आईने अजूनही तीन टक्क्यांची सरासरी सोडलेली नाही. पण तिमाहीत तिन्ही पेपर २०-२० गुणांचे असतात, तेव्हा तिचंही बरोबर येईल.